प्रकल्प नोंदी: चाकणच्या खात्याचा ताळा, तिमाही संपायच्या आत

सोमवार, १ सप्टेंबर २०२५

भोसरीच्या आमच्या टर्निंग शॉपचं सर्वांत मोठं येणं चाकणच्या एका कंपनीकडे असतं. त्यांचं खातं सप्टेंबरअखेर मिळवून घ्यायचं काम आजपासून माझ्याकडे. मालकांनी वेगळं रजिस्टर कर म्हणून सांगितलंय, म्हणून या नोंदी.

जूनमध्ये काय झालं ते आधी लिहून ठेवतो. ३० तारखेला मी दोन ओळींचा मेल टाकला होता: "सोबत खातेउतारा जोडला आहे. कृपया शिल्लक कळवावी." २२ जुलैला उत्तर आलं, "तपासणी सुरू आहे." संपलं. चूक माझीच होती. पाच पानांची पीडीएफ पाठवून समोरच्याला "बघा हो" म्हटलं की तो ती बाजूला ठेवतो, आणि तिमाही संपल्या दिवशी विचारलं तर त्याच्याकडे तसेच आणखी चाळीस मेल पडलेले असतात.

या वेळी उतारा ३१ ऑगस्टपर्यंतचा काढतो. सप्टेंबर हातात राहतो. ऑगस्टपर्यंतचं खातं मिळालं तर ३० तारखेला फक्त एका महिन्याच्या नोंदी बघाव्या लागतील.

मंगळवार, २ सप्टेंबर

दुसऱ्याला विचारायच्या आधी आपलं घर झाडून घेतलं. टॅलीत खातं उघडलं, १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट. येणे १८,४२,७६० रुपये.

पहिली गोष्ट आरंभीची शिल्लक. मार्चअखेरचं त्यांचं सही-शिक्क्याचं पत्र फाइलीत आहे. त्यावर ९,७६,४५० आणि आमच्याकडे १ एप्रिलला तेवढेच. बरं वाटलं. फरक असेल तर तो या पाच महिन्यांतलाच. हे न बघता लोक थेट बिलं जुळवायला बसतात आणि दोन दिवसांनी कळतं की फरक तीन वर्षांपूर्वीचा आहे.

दुसरी गोष्ट, पैसे आले पण कोणत्या बिलावर धरायचे ते न कळल्याने खात्यावर नुसतेच जमा करून ठेवलेल्या रकमा. अशा तीन निघाल्या. तिन्हींच्या पेमेंट ॲडव्हाइस शोधून बिलांवर लावल्या. एकूण शिल्लक बदलली नाही, पण बिलवार यादी खरी झाली.

बुधवार, ३ सप्टेंबर

मेलचा मसुदा झाला. मालकांना एक वाक्य हवंच होतं: "सात दिवसांत उत्तर न आल्यास ही शिल्लक आपणास मान्य आहे असे समजू." जुन्या पत्रांत ते छापलेलंच असायचं. मी सीएंना फोन लावला. ते हसले. "मौन म्हणजे संमती हे लग्न जमवताना ठीक आहे, खात्यात नाही चालत." त्यांचं म्हणणं असं, की ऑडिटच्या मानकात, म्हणजे एसए ५०५ मध्येही, 'चूक असेल तरच कळवा' या पद्धतीचं उत्तर न येणं हा कच्चा पुरावा मानला जातो. पत्र वाचलंच नसेल हीही शक्यता असते. शिवाय उद्या वसुलीची वेळ आली तर मुदतीच्या कायद्याचं (१९६३) कलम १८ बघतात. मालाच्या किमतीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत, आणि ती नव्याने सुरू व्हायला देणेकऱ्याची कबुली लेखी हवी, त्याच्या सहीची हवी आणि जुनी मुदत संपायच्या आत हवी. आपण गृहीत धरलेलं तिथे उपयोगी नाही.

वाक्य काढलं. मालक म्हणाले, "मग धाक कसा राहणार?" मी म्हटलं, "साहेब, धाकाऐवजी सोपं करून देऊ."

मेल इंग्रजीत गेला, इथे मराठीत उतरवतो:

> विषय: खातेउतारा १-४-२०२५ ते ३१-८-२०२५, आमच्या वहीप्रमाणे येणे रु. १८,४२,७६०
>
> नमस्कार मॅडम,
>
> आमच्या वहीप्रमाणे ३१ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्याकडून रु. १८,४२,७६० येणे आहे. आरंभीची शिल्लक रु. ९,७६,४५० आपल्या मार्चअखेरच्या पत्राशी जुळते.
>
> सोबत एक्सेल फाइल आहे. पहिल्या पानावर बिलं, दुसऱ्यावर आलेले पैसे यूटीआर नंबरासह, तिसऱ्यावर अजून न भरलेली बिलं.
>
> आपली शिल्लक हीच असेल तर सोबतच्या पत्रावर सही-शिक्का करून पाठवावे. वेगळी असेल तर फरक आपण शोधू नये. आपल्या वहीतला आमच्या खात्याचा याच काळाचा उतारा एक्सेलमध्ये पाठवावा. जुळवणी आम्ही करू आणि न जुळलेल्या नोंदीच आपल्याला विचारू.
>
> १० सप्टेंबरपर्यंत उतारा मिळाला तर तिमाहीच्या आत सगळं संपेल.

"फरक आपण शोधू नये" या ओळीवर मालकांनी भुवया उंचावल्या. पण तीच ओळ महत्त्वाची आहे. त्यांच्या देयक विभागात एक मॅडम आणि एक मुलगा, आणि पुरवठादार शेकड्यांनी. त्यांच्याकडून जुळवणीची अपेक्षा केली तर काही होत नाही. उतारा काढणं मात्र दोन मिनिटांचं काम.

सोमवार, ८ सप्टेंबर

गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, शनिवारी अनंत चतुर्दशी. मेलला उत्तर नाही. आज सकाळी फोन केला.

"अहो, तुमचा मेल बघितला मी. उतारा एवढाच हवाय ना? सही नकोय ना आत्ता?"

"नाही मॅडम, आत्ता फक्त उतारा."

दुपारी अडीचला आला. त्यांच्या वहीत आमचं येणे १५,९७,५८०. फरक २,४५,१८०.

मालकांना आकडा सांगितला तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हटलं एक दिवस द्या. एवढा मोठा आकडा सहसा एका नोंदीचा नसतो. चार-पाच गोष्टी मिळून होतो, त्यातल्या एक-दोन आपल्याच असतात.

मंगळवार, ९ सप्टेंबर

जुळवणी. अडचण नेहमीचीच: आमचा बिल नंबर `BH/25-26/0417`, त्यांच्या सिस्टीममध्ये कुठे `0417`, कुठे `417`, कुठे `BH25-26-0417`. दोन्हीकडून शेवटचे चार आकडे काढून त्यांचा अंक केला की भांडण मिटतं. तीनच आकडे असतील तरी हे सूत्र चालतं.

```
=VALUE(RIGHT(A2,4))
=IFERROR(VLOOKUP(D2,Theirs!D:E,2,FALSE),"नाही")
```

पहिलं सूत्र D रकान्यात दोन्ही पानांवर, दुसरं फक्त आमच्या पानावर. मग त्यांच्या पानावरून उलटी तपासणीही केली, कारण त्यांच्याकडे असलेलं आणि आमच्याकडे नसलेलं एका बाजूच्या सूत्रात दिसतच नाही. लोक इथेच चुकतात.

पैशांच्या नोंदी बिल नंबरावर जुळत नाहीत, त्या यूटीआरवर जुळवल्या. संध्याकाळी पाच ओळी उरल्या:

४१७ नंबरचं बिल, ३० ऑगस्ट, १,१८,००० रुपये. आमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही.

१८ जुलैचं त्यांचं पेमेंट, ७०,८०० रुपये. त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही.

त्यांची डेबिट नोट, २४ जुलै, ५६,६४० रुपये. आम्ही पाहिलेलीच नाही.

टीडीएस, ६४० रुपये. फक्त त्यांच्याकडे.

आणि २९८ नंबरचं बिल. दोन्हीकडे आहे, पण त्यांच्याकडे ९०० रुपयांनी जास्त.

पहिल्या चारांची बेरीज २,४६,०८०, त्यातून ९०० वजा, २,४५,१८०. फरक पैशापर्यंत बसला. आता कारणं.

बुधवार, १० सप्टेंबर

७०,८०० चं आधी घेतलं, कारण बँकेत पैसे आले असतील तर ती आपलीच चूक. बँकेचा उतारा उघडला, १८ जुलै, रक्कम आहे. टॅलीत रकमेने शोधलं तर ती तळेगावच्या कंपनीच्या खात्यात जमा. ही चाकणवाल्यांची भगिनी कंपनी आहे, पॅन वेगळा, नाव जवळपास तेच. एनईएफटीच्या तपशिलात नाव अर्ध्यावर तुटतं, आणि तुटलेलं नाव दोघांचंही सारखं. त्यात तळेगावचंही ७०,८०० चंच एक बिल थकलेलं होतं. आमच्या ऑफिसातल्या मुलाने रक्कम बघितली, बिल सापडलं, लावून टाकलं. चाकणची ॲडव्हाइस, ज्यात १६३ नंबरचं बिल स्पष्ट लिहिलंय, मेलमध्ये न उघडता पडली होती.

त्याला बोललो नाही. मीसुद्धा तेच केलं असतं. पण रक्कम जुळली म्हणजे पार्टी जुळली असं धरायचं नाही, हे दोघांनी ठरवलं. तळेगावच्या खात्यावरून काढून चाकणला लावलं. याचा अर्थ तळेगावकडून आपलं येणं ७०,८०० ने कमी दिसत होतं. म्हणजे तिकडेही आता मेल.

मग ९००. हा आकडा बघितल्यावरच शंका आली. फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन आकडे उलटे पडले असण्याची शक्यता मोठी. आमचं बिल १२,३९०, त्यांच्याकडे १३,२९०. दोन आणि तीनची अदलाबदल. ते त्यांच्या जुन्या फिक्स्चरच्या तातडीच्या दुरुस्तीचं बिल, पीओ नव्हती, त्यामुळे हाताने चढवलेलं. पीओवरच्या मालाच्या बिलात असं सहसा होत नाही, तिथे दर आणि नग सिस्टीम स्वतः ताडून बघते. पुरावा म्हणून हिशेब जोडला: १०,५०० वर १८ टक्के १,८९०, एकूण १२,३९०. १३,२९० मधून कर वेगळा काढला तर मूळ किंमत ११,२६२ रुपये ७१ पैसे येते. असं बिल कोणी बनवत नाही. त्यांच्या जीएसटीआर-२बी मध्येही आमच्या या बिलाचा कर १,८९० च दिसत असणार.

हा फरक आमच्या फायद्याचा होता. मालकांचा चेहरा क्षणभर "राहू दे की" असा झाला. पण आपणच दाखवलेल्या चुकीने पुढच्या ओळींना वजन येतं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

टीडीएस. खरेदीदाराची आधल्या वर्षीची उलाढाल १० कोटींच्या वर असेल आणि एका विक्रेत्याकडची वर्षातली खरेदी ५० लाखांच्या वर गेली, की वरच्या रकमेवर ०.१ टक्का कापतात, कलम १९४क्यू. आमच्या मालाची ३१ ऑगस्टपर्यंतची मूळ किंमत, ४१७ चं बिल सोडून, ५६,४०,०००. ५० लाखांवरचे ६,४०,०००, त्यावर ६४०. रुपयाला रुपया बसलं. जीएसटी धरून कापलं असतं तर कपात यापेक्षा जास्त दिसली असती. ६४० या आकड्यावरूनच कळतं की त्यांनी कर वगळून, म्हणजे बरोबर कापलंय.

आमच्याकडे ही नोंद नव्हती कारण आम्ही टीडीएस पैसे आल्यावर चढवतो, ते बिल चढवतानाच कापतात. २६एएस मध्ये आत्ता काही दिसणार नाही. या तिमाहीचं त्यांचं विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं, त्यानंतर बघायचं. तोपर्यंत त्यांच्या शब्दावर आणि माझ्या गुणाकारावर नोंद केली.

दुपारी डेबिट नोट. २४० बुश, २०० रुपये दराने, ४८,००० अधिक कर ८,६४०. कारण: "आतला व्यास जास्त." फेब्रुवारीच्या बिलातला माल. मी स्टोअरला गेलो. काकांना विचारलं, चाकणहून माल परत आलाय का?

"आलाय की. जुलैत आला. कुणी विचारलंच नाही."

डीबरिंगच्या टेबलाखाली दोन निळे क्रेट, वर कापडाची चिंधी, आणि चिंधीखाली त्यांचं परतीचं चलन, तेलाने पारदर्शक झालेलं. कागद चालकाने काकांना दिला, काकांनी क्रेटवर ठेवला. ऑफिसपर्यंत पोचायला त्याला आणखी तीस पावलं हवी होती. डेबिट नोटचा मेल आमच्या खरेदीच्या पत्त्यावर गेला होता, तो पत्ता कोणी बघत नाही.

काका आणि मी नग मोजले. दोनदा. २२५ भरले. चलनावर २४०.

संध्याकाळी दुसरा मेल. या वेळी उतारा नाही, फक्त पाच ओळींचा तक्ता आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न. दोन ओळींत प्रश्नही नव्हता, फक्त कबुली होती.

> १. बिल ४१७, रु. १,१८,०००: आपल्या गेटचा इनवर्ड शिक्का ३० ऑगस्टचा आहे, प्रत सोबत. जीआरएन कोणत्या तारखेचा आहे?
>
> २. रु. ७०,८००, १८ जुलै: चूक आमची. दुसऱ्या खात्यावर जमा झाले होते, दुरुस्त केले.
>
> ३. टीडीएस रु. ६४०: मान्य, नोंद केली.
>
> ४. बिल २९८: आपल्याकडे रु. १३,२९०, मूळ बिल रु. १२,३९०, प्रत सोबत. रु. ९०० कमी कराल का?
>
> ५. डेबिट नोट रु. ५६,६४०: चलनावर २४० नग, आमच्याकडे मोजून २२५. उरलेले १५ नग कुठे आहेत?

आपली चूक दोन नंबरवर मुद्दाम ठेवली. शेवटी ठेवली असती तर लपवल्यासारखी दिसली असती.

मंगळवार, १६ सप्टेंबर

काल आगाऊ कराच्या हप्त्याची तारीख, त्यामुळे मॅडमना त्रास दिला नाही. आज त्यांचाच मेल आला, एका ओळीपुढे एक उत्तर. जीआरएन, म्हणजे माल स्वीकारल्याची त्यांची नोंद, ३ सप्टेंबरची. माल ३० ला गेटमधून आत गेला, पण तपासणी होईपर्यंत त्यांच्या वहीत चढत नाही. ९०० मान्य, दुरुस्ती याच महिन्यात. पाचव्या ओळीपुढे: "क्वालिटीला विचारावे लागेल."

बुधवार, १७ सप्टेंबर

मेलवर मेल करण्यापेक्षा डिलिव्हरीच्या टेंपोतून चाकणला गेलो. क्वालिटीच्या साहेबांनी कपाट उघडून एक डबा दाखवला. १५ बुश, उभे कापलेले. आतल्या व्यासाबरोबर कडकपणाही तपासायला कापले होते, परत पाठवायचे राहिले. चलन लिहिणाऱ्याने मात्र पूर्ण २४० लिहिले.

त्यांनी अर्धा बुश माझ्या हातात दिला आणि गेज लावून दाखवला. गेज सैल जात होता. मला यातलं फारसं कळत नाही, पण एवढं कळलं. मालकांना तिथूनच फोन केला. ते म्हणाले, "कापलेले का असेनात, माल आपलाच खराब होता. पूर्ण २४० धर." डबा सही करून घेतला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

क्रेडिट नोट काढली: ४८,०००, सीजीएसटी ४,३२०, एसजीएसटी ४,३२०. यात घाई होती त्याचं कारण वेगळं आहे. मूळ बिल फेब्रुवारी २०२५ चं, म्हणजे २०२४-२५ चं. त्या वर्षाच्या बिलावरची क्रेडिट नोट कर कमी करून दाखवायची असेल तर जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ती ३० नोव्हेंबर २०२५ पर्यंतच विवरणात दाखवता येते. त्यानंतर पार्टीचे ५६,६४० आपण सोडायचे ते सोडायचेच, पण सरकारला भरलेले ८,६४० परत मिळत नाहीत. त्यांची डेबिट नोट त्यांच्या वहीपुरती ठीक, आपला कर तिने कमी होत नाही. तो कमी करायला आपलीच क्रेडिट नोट लागते, आणि समोरच्याने त्यावर घेतलेलं क्रेडिट उलटवलेलं असावं लागतं. मॅडमना तेही कळवलं. खातं मिळवायला बसलो नसतो तर क्रेट डिसेंबरमध्येही टेबलाखालीच असते.

तारीख आजची टाकली, मागची नाही. त्यामुळे ३१ ऑगस्टच्या जुळवणीत ही ओळ फरक म्हणून राहील, आणि ते बरोबर आहे.

बुधवार, २४ सप्टेंबर

जुळवणीपत्रक एका पानाचं केलं. डावीकडे आमचे १८,४२,७६०, त्यातून ७०,८००, ५६,६४० आणि ६४० वजा. उजवीकडे त्यांचे १५,९७,५८०, त्यात ४१७ च्या बिलाचे १,१८,००० मिळवले, ९०० वजा केले. दोन्हीकडे खाली १७,१४,६८०.

मॅडमनी सही-शिक्का करून स्कॅन पाठवलं. मूळ कागद उद्याच्या सुट्टीनंतर टेंपोतून येईल. सीएंना प्रत दिली. ते म्हणाले, ऑडिटच्या वेळी मी माझ्याकडून वेगळं पत्र पाठवीनच आणि उत्तर थेट माझ्याकडे मागवीन, तुमचं हे पत्र त्याच्या बदल्यात नाही. ठीक आहे. पण त्या वेळी मॅडमना उत्तर द्यायला पाच मिनिटं लागतील.

मंगळवार, ३० सप्टेंबर

डिस्पॅचला आधीच सांगून ठेवलं होतं की महिन्याची शेवटची गाडी शनिवारी २७ ला काढा, म्हणजे जीआरएन महिन्यातच पडेल. तशी काढलीही. पण आज सकाळी त्यांच्याच लाइनवर माल संपला, तातडीचा फोन आला, आणि ८८,५०० चं बिल निघालं. ग्राहकाची लाइन उभी ठेवून कोणी खातं मिळवत नाही. गाडी सुटताच मॅडमना एक ओळीचा मेल केला: "आजचं बिल रु. ८८,५००, तुमचा जीआरएन ऑक्टोबरमध्ये पडेल, फरकात धरा."

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दसऱ्यानंतरचा पहिला दिवस. आमचे ३० सप्टेंबरचे येणे २०,०६,३४०. त्यांचा उतारा न मागता आला: १९,१७,८४०. फरक ८८,५००. दुरुस्तीचे ९०० त्यांनी वजा केलेले दिसतात, क्रेडिट नोटही त्यांच्या डेबिट नोटसमोर लागली आहे.

तळेगावला खातेउताऱ्याचा मेल आज टाकला. पहिल्याच ओळीत ७०,८०० ची चूक आमची, असं लिहिलं. खरेदीचा तो मेलचा पत्ता आता माझ्या फोनवर घेतलाय, आणि काकांच्या टेबलावर परतीच्या चलनांसाठी एक खिळा ठोकून दिलाय.